सिस्टरांच्या नवऱ्याची नाडी

आमच्या वॉर्डच्या सिस्टरांना सगळे पाठीमागे मापटं म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तसं म्हटलं असतं तर त्यांना राग आला नसता. त्यांनी फक्त कोण म्हणालं, किती वाजता म्हणालं आणि त्या वेळी त्याच्या हातातलं काम किती उरलं होतं, एवढं टिपून ठेवलं असतं.

ऑपरेशन झालेले, होणारे आणि व्हावं की नाही याचा खल चाललेले असे तीस रोगी त्या वॉर्डात असत. रोगी किती प्यायला आणि त्याने किती लघवी केली, हे सिस्टरांना तोंडपाठ असायचं. राउंडला मोठे सर रोग्याला विचारायचे, "कसं वाटतंय?" रोगी म्हणायचा, "बरं वाटतंय." मग सिस्टर शेजारून सांगायच्या, "चार तासांत नव्वद." रोग्याच्या मताला त्या वॉर्डात फारसा भाव नव्हता.

त्यांची आणखी एक खोड होती. रक्तस्रावाचा संशय असलेला रोगी आला की त्या आधी त्याच्या पायांशी जायच्या. हाताची पालथी बाजू अंगठ्याला लावायच्या, मग घोट्याला, मग नडगीवर वर वर सरकत जायच्या आणि गारठा जिथे संपेल तिथे बॉलपेनने एक रेघ ओढून शेजारी वेळ लिहायच्या. अर्ध्या तासाने पुन्हा. रेघ खाली सरकली तर ठीक, वर चढली तर त्या डॉक्टरांना हाक मारायच्या. एक ट्रकवाला बरा होऊन घरी गेला तो दोन्ही नडग्यांवर पाच-पाच रेघा घेऊन. आठवड्याने टाके काढायला आला तेव्हा त्याने विचारलं, की आंघोळ करताना त्या पुसल्या तर चालतील का. बिचाऱ्याने तोवर पाय धुतले नव्हते.

नव्या नर्सेसना त्या हे सगळं शिकवायच्या, आणि आम्ही नवे डॉक्टर औषधाच्या कपाटाआड उभं राहून फुकट ऐकायचो. त्या म्हणायच्या, की एक इमारत समजा, गच्चीवरच्या टाकीला भोक पडलंय. वॉचमन काय करतो? मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणाऱ्या जागा असतात, तोच वॉचमन. दाब जरा उतरला की तो मेंदूला कळवतो, आणि हे काम काही सेकंदांत होतं, डॉक्टर जागेवरून उठायच्या आत. मेंदू हृदयाला म्हणतो, पळ. शिरांना म्हणतो, आवळा, साठवलेलं रक्त पुढे ढकला. कातडीचे, आतड्यांचे, मूत्रपिंडांचे नळ तो बारीक करतो, कारण पाणी आधी दोनच बिऱ्हाडांना हवं, मेंदूला आणि हृदयाला. म्हणून पाय गार पडतात आणि घाम सुटतो.

मिनिटं जातात तशी दुसरी फळी कामाला लागते. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. मूत्रपिंड स्वतः रेनिन सोडतं, त्यातून पुढे असं द्रव्य तयार होतं की धमन्या अजून आवळतात. मेंदूच्या तळची ग्रंथी पाणी रोखून धरणारं हार्मोन पाठवते. लघवी कमी आणि गडद होते, माणसाला तहान लागते. तेवढ्यात पेशींच्या आजूबाजूचं पाणी हळूहळू केशवाहिन्यांत झिरपायला लागतं, पण ते तासांचं काम. मीठ धरून ठेवणारं हार्मोनही तासांनी रंगात येतं. यकृत नवी प्रथिनं बनवतं ते दिवसांनी, आणि हाडांतला मगज नव्या लाल पेशी पुरवतो ते आठवड्यांनी. "शरीर इतकं सगळं करतं ते कशासाठी?" त्या शेवटी विचारायच्या. "रक्तदाबाचा वरचा आकडा चांगला दिसावा म्हणून. आणि डॉक्टर तोच बघतात."

हे शेवटचं वाक्य कपाटाच्या दिशेने असायचं.

मी तेव्हा शस्त्रक्रिया शिकत होतो, दुसऱ्या वर्षाला होतो आणि स्वतःविषयी माझं मत उत्तम होतं. आकड्यांवर माझा विश्वास होता. आकडा खोटं बोलत नाही असं मला वाटायचं. आकडा खोटं बोलत नाही हे खरंच आहे. तो विचारलं तेवढंच सांगतो.

सिस्टरांचे यजमान शिंपी होते. दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान होतं. दिवसभर या इकडे बाटल्यांनी मापं घेणार, ते तिकडे टेपने, त्यामुळे संध्याकाळी घरी बोलायला काही उरत नसावं. माणूस अबोल. गिऱ्हाईक म्हणालं, बाही जरा लांब झाली, तर ते म्हणायचे, बघतो. आणि बघायचे. त्यांच्या संसाराबद्दल वॉर्डात एवढीच माहिती होती, की सिस्टर सकाळी साडेसातला डबा, चहा आणि त्यांचं काय असेल ते आटोपून निघतात आणि पावणेआठला वॉर्डात असतात.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला ते वरच्या फळीवरचा कापडाचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढले, आणि स्टूल आणि ते यांची दिशा वेगवेगळी झाली. कापड बेतायच्या टेबलाची कड डाव्या बरगड्यांवर बसली. शेजारच्या चष्मेवाल्याने त्यांना आमच्याकडे आणलं. बायकोला बोलावू का असं त्याने विचारलं, तर ते म्हणाले, "नको, ती कामात आहे." सिस्टर खरंच कामात होत्या. महिन्याची सगळ्या वॉर्डांच्या सिस्टरांची बैठक दुसऱ्या इमारतीत चालू होती.

मी त्यांना तपासलं. हे सिस्टरांचे यजमान हे मला कळलं होतं, म्हणून जरा जास्तच नीट तपासलं. रक्तदाब १२४ आणि ७८. नाडी ७६, संथ, भरीव. हिमोग्लोबिन १३.९. एक्स-रेमध्ये डावीकडची दहावी बरगडी मोडलेली. डाव्या बाजूला दाबलं की दुखत होतं, पण बरगडी मोडल्यावर दुखणारच. डावा खांदाही दुखतो म्हणाले. पडल्यावर खांदाही दुखतो, असं मी स्वतःलाच सांगितलं. काही औषध चालू आहे का, विचारलं. "नाही," म्हणाले. मी तसं लिहिलं. सोनोग्राफीचं यंत्र होतं, पण ते चालवणारे आठवड्यातून दोनदा यायचे आणि हा तिसराच वार होता. मी सलाईन लावलं, नऊ नंबरच्या खाटेवर देखरेखीसाठी ठेवलं आणि आपण काळजी घेतली याचं समाधान मानून चहाला गेलो.

पावणेबाराला सिस्टर बैठकीहून परतल्या आणि त्यांनी आपला वॉर्ड नजरेखालून घातला. नऊ नंबरपाशी नजर थांबली.

"तुम्ही इथे काय करताय?"

"पडलो," शिंपी म्हणाले.

सिस्टरांनी केसपेपर उचलला, शब्दन् शब्द वाचला, नाडी पाहिली. शहात्तर. मला त्यांनी नंतर सांगितलं म्हणून मला ठाऊक आहे, की त्यांना तेव्हा हायसं वाटलं. नाडी सत्तरीत आहे म्हणजे रक्त जात नाही, असं त्याही म्हणाल्या मनात. त्यांनी टेबलाशी बसून बैठकीची नोंद लिहायला घेतली. वीस मिनिटं त्या लिहीत होत्या. या वीस मिनिटांचा उल्लेख त्यांनी पुढे आयुष्यभर केला, नेहमी तेवढ्याच, ना एकोणीस ना एकवीस.

तेवढ्या वेळात शिंप्यांनी तीनदा पाणी मागितलं. तिसऱ्यांदा सिस्टरांनी लेखणी खाली ठेवली. हा माणूस घरी स्वतःहून पाणी मागत नसे, पेला हातात द्यावा लागायचा. त्या उठल्या. हाताची पालथी बाजू अंगठ्याला लावली. नडगीच्या मध्यापर्यंत गार. त्यांनी स्वतःच्या नवऱ्याच्या पायावर रेघ ओढली आणि बारा दहा लिहिलं. ते म्हणाले, काय करतेस? त्या म्हणाल्या, गप्प पडा. मग लघवीची बाटली दिली. भरतीपासून दोन तासांत चाळीस मिलीलिटर, आणि रंग काढ्यासारखा. श्वास मिनिटाला चोवीस. रक्तदाब ११६ आणि ९०. साडेबाराला गारठा गुडघ्याच्या बोटभर खाली होता. नाडी ७८.

तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. मी चहाहून परतलो होतो. त्या म्हणाल्या, आत कुठेतरी रक्त जातंय. मी आकडे पाहिले. वरचा आकडा ठीक होता, नाडी तर माझ्यापेक्षा चांगली होती. हिमोग्लोबिन साडेतेराच्या वर होतं, तेही मी त्यांना दाखवलं, जरा मोठेपणाने. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पातेल्यातलं वाटीभर दूध काढलं तर उरलेलं पातळ होतं का? त्यात पाणी घातल्यावर होतं. अंगातलं पाणी रक्तात उतरायला तास लागतात. हे दूध अजून दाटच आहे, पातेलं किती रिकामं झालंय ते रिपोर्टात कुठे लिहिलंय?" आणि दोन आकड्यांमधलं अंतर पाहा म्हणाल्या. सकाळी सेहेचाळीस होतं, आता सव्वीस. वरचा टिकतोय तो खालचा चढतोय म्हणून, म्हणजे धमन्या गच्च आवळल्यात म्हणून.

हे सगळं बरोबर होतं. मला ते पुस्तकातून पाठही होतं. पण तेव्हा मला वेगळंच काहीतरी दिसत होतं. मला एक बाई दिसत होती, जिचा नवरा खाटेवर होता. आणि तिने मला वॉर्डातल्या दोन नर्सेससमोर दुधाचं उदाहरण दिलं होतं. मी म्हणालो, "सिस्टर, रक्त जात असतं तर नाडी एव्हाना एकशे वीसवर गेली असती. आज तुम्ही सिस्टर नाही, बायको आहात. घाबरणं साहजिक आहे."

असं मी म्हणालो. याला आता बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य अजून मला अधूनमधून ऐकू येतं, आणि आवाज माझाच असतो.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नऊ नंबरकडे पाहिलं, मग केसपेपरकडे. "नाडी चढायला हवी होती, हे खरं," त्या म्हणाल्या. "मग चढली का नाही?" हे त्या मला विचारत नव्हत्या. त्यांनी केसपेपरवर बोट ठेवलं. औषधं, नाही. हे कुणाला विचारून लिहिलंत, त्यांनी विचारलं. त्यांनाच, मी म्हणालो. सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं, आणि त्याला कुठलीही जखम लागली नाही.

"सकाळी साडेसातला," त्या म्हणाल्या, "रक्तदाबाची गोळी मी माझ्या हाताने दिलीय. नाडी संथ ठेवणारी. सहा वर्षं रोज देतेय. आणि मी नाडी बघून वीस मिनिटं लिहीत बसले."

मी खाटेकडे धावलो असं लिहायला मला आवडेल. मी आधी दोन क्षण उभाच होतो, कारण डोक्यात सगळा हिशेब उलटा फिरत होता. ती गोळी हृदयाला पळू देत नाही. मेंदू कितीही ओरडला, पळ, पळ, तरी हृदयाच्या कानात बोळे. मूत्रपिंडाचं रेनिनसुद्धा तिने अर्धवट दाबून ठेवलेलं. म्हणजे या माणसाचं शरीर इतका वेळ एका हाताने लढत होतं, फक्त धमन्या आवळून. तो हात सुटला की मधे पायरी नव्हती. आणि मी ज्या ७६ वर विसंबून चहा प्यायलो, तो आकडा त्यांच्या हृदयाचा नव्हताच, गोळीचा होता.

मी सुई आणि सिरिंज घेतली आणि पोटात टोचली. पहिल्याच ओढीत सिरिंज गडद रक्ताने भरली. ते मी काचेच्या नळीत ओतलं, गोठेना. पोटात साचलेलं रक्त गोठत नाही, शिरेत चुकून सुई गेली असती तर गोठलं असतं. तोवर वरचा आकडा १०४ झाला होता. मोठ्या सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, वर आणा. मी रक्तपेढीला फोन लावला तर तिथली बाई म्हणाली, नऊ नंबरचं ना, जुळवून तयार आहे, चार बाटल्या. बारा वाजून वीस मिनिटांनीच नमुना खाली गेला होता. चिठ्ठीवर डॉक्टरची सही हवी, तिथे रिकामं होतं. नातेवाइकाची सही हवी, तिथे होती.

ऑपरेशनच्या खोलीत सिस्टरांना येऊ दिलं नाही. नियमच तसा होता, आणि त्यांनीच तो दुसऱ्यांना शंभरदा ऐकवला होता. त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या. आत भूलतज्ज्ञ बाईंना मी गोळीचं सांगितलं. भूल चढली की आवळलेल्या धमन्या सैल पडतात, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटतं. म्हणून त्यांनी आधी दोन्ही हातांना रक्त सुरू केलं, पोटाची कातडी जंतुनाशकाने पुसून घेतली, सरांना हातात सुरी घेऊन उभं केलं आणि मगच भूल दिली, तीही चमच्याने मोजल्यासारखी. तरी वरचा आकडा साठवर आला. नाडी तेव्हाही फक्त ८८ होती. एवढ्या दाबाला एवढी सभ्य नाडी मी पुन्हा कधी पाहिली नाही.

डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. तिचं रक्त वर पडद्याला लागलं की डावा खांदा दुखतो, हेही मला पुस्तकातून पाठ होतं. सरांनी तिच्या देठाला चिमटा लावला आणि पोटातून दीड लिटर रक्त उपसलं. साठचे सत्तर झाले, सत्तरचे नव्वद. तिसरी बाटली संपता संपता सर म्हणाले, "हा अजून एक तास वॉर्डात राहिला असता तर?" मी चौथी बाटली लावायला सांगितली.

बाहेर येऊन मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती निघालं. दीड लिटर. किती दिलं. चार बाटल्या. लघवी? थोडी सुरू झालीय. त्यांनी मान हलवली आणि मग म्हणाल्या, "डॉक्टर, खाटेवर कोण आहे हे मला माहीत होतं. नवऱ्याचं औषध मीच सांगायला हवं होतं." मी माफी मागायची होती ती जागा हीच. मी काहीतरी पुटपुटलो, त्यात माफी हा शब्द नव्हता. पुढे दोन दिवसांनी मागितली, तर त्या म्हणाल्या, केसपेपरवर लिहा. मी लिहिली नाही, पण चूक काय झाली ते लिहिलं, माझी सही करून. खाली त्यांनी आपली ओळ लिहिली, आपली सही करून.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.१ आलं, चार बाटल्या रक्त चढवूनही. रक्तस्राव थांबला होता. अंगातलं पाणी आणि आमची सलाईनं आता रक्तात मिसळून झाली होती. गरज होती तेव्हा रिपोर्ट गप्प होता, आणि सगळं आटोपल्यावर तो खरं बोलायला आला. असे माणसांतही असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडला गेलो तेव्हा शिंपी उशीला टेकून बसले होते आणि सिस्टर शेजारच्या स्टुलावर होत्या. रजेवर होत्या, त्यामुळे साध्या कपड्यांत होत्या आणि कुणीतरी वेगळ्याच वाटत होत्या. मी टाके पाहिले, पोट पाहिलं. मग न राहवून शिंप्यांना विचारलं, की मी औषधाचं विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात.

"औषध कुठे घेतो मी?" ते म्हणाले. "ही सकाळी चहाबरोबर एक गोळी देते. मी घेतो. ती देते म्हटल्यावर घरचंच काहीतरी असणार. मला वाटलं, ताकदीचं असेल."

तीस वर्षं सिस्टरांनी वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याची प्रत्येक गोळी हातात धरून समजावली होती, ही कशाची, किती वाजता, विसरलात तर काय, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर सोडलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण ब्लडप्रेशर म्हटलं की तो घाबरेल; आणि सांगायची गरज काय, मी आहे ना, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या सकाळी त्यांनी फक्त स्टूल पुढे ओढलं.

"अहो, नीट ऐका," त्या म्हणाल्या, आणि वॉर्डातल्या आवाजात सांगायला लागल्या. सहा वर्षांपूर्वी तुमचा रक्तदाब एकशे सत्तर निघाला होता. ही गोळी तो खाली ठेवते आणि नाडी संथ ठेवते. मनाने बंद करायची नाही. कुठल्याही डॉक्टरने विचारलं तर हिचं नाव सांगायचं. म्हणा बघू. शिंप्यांनी नाव म्हटलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग बराच वेळ ते पांघरुणाची शिवण बोटाने चाचपत राहिले, कारण ती वाकडी होती.

"म्हणजे सहा वर्षं मला प्रेशर आहे," ते म्हणाले.

"हो."

"आणि मला काहीच नाही म्हणून मी मजेत होतो."

"हो."

"मग सहा वर्षं तू एकटीच घाबरत होतीस?"

सिस्टर रडायला लागल्या, भर वॉर्डात, दहा नंबर आणि आठ नंबर बघत असताना. शिंप्यांनी सलाईनचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला. मला तिथे काही काम नव्हतं. मी पडदा ओढला आणि पुढच्या खाटेवर गेलो.